27s⁴ चं गणित आणि न विरघळणारा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड

गेल्या सत्रात माझ्याकडे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक बॅच होती. प्रॅक्टिकल लवकर संपलं म्हणून मुलं पुढच्या परीक्षेची गणितं सोडवत बसली होती. त्यातलं एक गणित तुम्हीही कधीतरी सोडवलेलं असणार. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे आपण सगळे ज्याला केएसपी म्हणतो तो, 1.3 × 10⁻³³ आहे. तर शुद्ध पाण्यात त्याची विद्राव्यता काढा. एका मुलाने दोन मिनिटांत उत्तर काढलं, पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळवलं, आणि मग वही घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, उत्तर जुळतंय. पण यातून पीएच काढला तर ५.९ येतो. हायड्रॉक्साइड पाण्यात टाकला आणि पाणी आम्ल झालं?"

मी काय सांगितलं असेल? "परीक्षेत एवढा विचार करू नकोस." हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. घरी आल्यावर ते गणित मी नीट सोडवून पाहिलं आणि रात्रीचे साडेबारा वाजले. आजचा लेख त्या गणितावर आहे. ते आपल्या पाठ्यपुस्तकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या छापलं जातंय, मराठी माध्यमात, इंग्रजी माध्यमात, परदेशी पुस्तकांतही. माझं म्हणणं सरळ आहे: हे गणित चुकीचं आहे, आणि ज्या चांगल्या पुस्तकांनी ते दुरुस्त करायचा प्रयत्न केलाय त्यांचं उत्तर मूळ चुकीपेक्षाही जास्त चुकीचं आहे.

आधी गणित पाहू. समजा लिटरमागे s मोल विरघळले. मग Al³⁺ झाले s, आणि OH⁻ झाले 3s. दोन्ही केएसपीत घातले की

Ksp = s × (3s)³ = 27s⁴

इथून s = 2.6 × 10⁻⁹ मोल. मार्क मिळाले, पुढचं गणित. पण त्या मुलाने केलं तसं एक पाऊल पुढे जा. OH⁻ म्हणजे 3s, म्हणजे साधारण 7.9 × 10⁻⁹. शुद्ध पाण्यात काहीही न टाकता OH⁻ असतात 1 × 10⁻⁷, म्हणजे याच्या बारा-तेरापट. या गणिताने पाण्याचे स्वतःचे हायड्रॉक्साइड आयन विचारातच घेतले नाहीत. पीएच ५.९ येतो तो त्यामुळे. मुलाची शंका शंभर टक्के बरोबर होती.

काही पुस्तकं इथे सावध होतात. ती म्हणतात, विरघळून येणारे OH⁻ इतके थोडे आहेत की पाण्याचा पीएच ७ च राहील, म्हणून OH⁻ 1 × 10⁻⁷ धरा. मग Al³⁺ येतं 1.3 × 10⁻³³ भागिले 10⁻²¹, म्हणजे 1.3 × 10⁻¹². आधीच्या उत्तरापेक्षा दोन हजारपट कमी. इथे पुस्तक समाधानाने थांबतं, आणि मीही बरीच वर्षं इथेच थांबले होते.

गडबड ही आहे की विद्राव्यता म्हणजे 'किती Al³⁺ विरघळलं' असं नव्हे. विद्राव्यता म्हणजे एकूण किती अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरलं, मग ते कुठल्याही रूपात असो. आणि पीएच ७ ला Al³⁺ हे रूप जवळजवळ नसतंच. सहा पाण्याचे रेणू धरून बसलेला हा छोटा, तीन धनभारांचा आयन त्या रेणूंमधले प्रोटॉन सोडत जातो. आम्लात तो Al³⁺ असतो; पीएच वाढवत नेला की AlOH²⁺, मग Al(OH)₂⁺, मग थोडासा भारहीन Al(OH)₃ (हा विरघळलेला, खाली बसलेला नव्हे), आणि शेवटी [Al(OH)₄]⁻. हा शेवटचा म्हणजे आपला हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स. शाळेपासून आपण याला 'उभयधर्मी गुणधर्म' या धड्यात भेटतो, कॉस्टिक सोडा जास्त घातला की साका विरघळतो त्या प्रयोगात. आणि आपल्या डोक्यात पक्कं बसतं की हा प्राणी फक्त जोरदार अल्कलीत राहतो.

हा समज मोडायला एकच समीकरण पुरतं.

Al(OH)₃ (घन) + OH⁻ ⇌ [Al(OH)₄]⁻

गणितात दिलेला केएसपी आणि या कॉम्प्लेक्सचा जलविघटनाचा स्थिरांक (२५ अंश सेल्सिअसला साधारण 10⁻²²·⁷) एकत्र केले की या समतोलाचा स्थिरांक येतो २.६. ना दहाचा घात, ना काही, साधा २.६. याचा अर्थ असा की घन साका तळाशी असेल तर पाण्यात जेवढे OH⁻ असतील त्याच्या अडीचपट [Al(OH)₄]⁻ असणारच. पीएच १२ ला OH⁻ असतात ०.०१ मोल, म्हणून अ‍ॅल्युमिनियम ०.०२६ मोल, परीक्षानळीत साका 'गायब' होतो तो यामुळे. आणि पीएच ७ ला OH⁻ 10⁻⁷, म्हणून [Al(OH)₄]⁻ 2.6 × 10⁻⁷. तिथेही तो आहेच. पुस्तकाच्या 1.3 × 10⁻¹² च्या दोन लाखपट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: शुद्ध पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागू न देता, तळाशी साका. वरचंच समीकरण H⁺ च्या भाषेत लिहिलं तर

Al(OH)₃ (घन) + H₂O ⇌ [Al(OH)₄]⁻ + H⁺

आणि याचा स्थिरांक होतो 2.6 × 10⁻¹⁴. पाण्याच्या स्वतःच्या 1 × 10⁻¹⁴ शेजारी हा आकडा ठेवून बघा. हा घन पदार्थ पाण्यापेक्षा किंचित जास्त जोराने प्रोटॉन सोडतोय! दोघांचे H⁺ मिळून H⁺ चा वर्ग होतो साधारण 3.6 × 10⁻¹⁴, म्हणजे H⁺ 1.9 × 10⁻⁷ आणि पीएच ६.७. Al(OH)₂⁺ वगैरे बाकी मंडळीही धरून नीट आकडेमोड केली तर एकूण विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम येतं 1.8 × 10⁻⁷ मोल, पीएच ६.७५ च्या आसपास.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं: हो रे, पाणी थोडं आम्लाकडेच झुकतं. ५.९ नाही, पण ७ च्या खाली नक्की. पुस्तकाचा पीएच चुकीच्या वाटेने योग्य दिशेला गेला होता.

आता तिन्ही उत्तरं शेजारी ठेवा. 27s⁴ वालं भोळं उत्तर खऱ्या उत्तराच्या सत्तरपट खाली आहे. 'सुधारलेलं' उत्तर सव्वा लाखपटीहून अधिक खाली आहे. एक चूक दुरुस्त केली, दुसरी तशीच ठेवली, आणि पहिल्या चुकीने दुसरीला जे थोडं झाकलं होतं ते झाकणही काढून टाकलं. माझा राग भोळ्या गणितावर तेवढा नाही. राग या अर्ध्या दुरुस्तीवर आहे, कारण ती करणाऱ्याला वाटतं की आपण आता काळजी घेतली.

हे सगळे आकडे वेगवेगळ्या पीएचला काढून आलेख काढला की इंग्रजी यू अक्षरासारखी एक खोलगट रेषा मिळते. आडव्या अक्षावर पीएच, उभ्या अक्षावर एकूण विरघळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा लॉग. डावीकडे, पीएच ४ च्या आत, रेषा फार उभी आहे. तिथे Al³⁺ चं राज्य असतं आणि पीएच एकाने वाढला की अ‍ॅल्युमिनियम हजारपटीने घटतं. पुढे ती सौम्य होत जाते, पीएच ६.३ च्या जवळ तळ गाठते, आणि उजवीकडे परत चढते. तळाला, आपल्या केएसपीने, लिटरमागे तीन-साडेतीन मायक्रोग्रॅम अ‍ॅल्युमिनियम उरतं.

उजव्या चढाचा उतार किती, हे पाहण्यासारखं आहे. तो बरोबर एक आहे: पीएच एकाने वाढला की अ‍ॅल्युमिनियम दहापट. यावरून एक जुना वाद निकालात निघतो. काही पुस्तकं अल्कलीतला आयन [Al(OH)₆]³⁻ लिहितात, काही NaAlO₂ लिहितात, काही [Al(OH)₄]⁻. सहा हायड्रॉक्साइडवाला आयन खरा असता तर घन साक्याला तीन OH⁻ जोडावे लागले असते, आणि पीएचच्या एका पायरीला अ‍ॅल्युमिनियम हजारपट वाढलं असतं. तसं होत नाही. AlO₂⁻ मात्र उतारावरून पकडता येत नाही, कारण तो म्हणजे [Al(OH)₄]⁻ मधून दोन पाणी वजा. हिशोब तोच राहतो. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा एनएमआर घ्यावा लागतो. आम्लातला सहा पाण्याचा आयन शून्य पीपीएमला दिसतो, आणि अल्कलीतला ८० च्या आसपास, जिथे चार ऑक्सिजनांनी वेढलेलं अ‍ॅल्युमिनियम दिसायला हवं तिथे. NaAlO₂ हा घन रूपात खराखुरा पदार्थ आहे. पाण्यात तो तसा राहत नाही, एवढंच. म्हणून उत्तरपत्रिकेत कुणी NaAlO₂ लिहिलं तर मी मार्क कापत नाही. [Al(OH)₆]³⁻ लिहिलं तर कापते.

इथपर्यंत मी पुस्तकावर टीका केली. आता मी वर वापरलेल्या २.६ या आकड्यावरही करायला हवी, कारण तोही मी पुस्तकाच्याच केएसपीवरून काढलाय. वेगवेगळी पुस्तकं उघडलीत तर Al(OH)₃ चा केएसपी कुठे 10⁻³¹ च्या घरात सापडेल, कुठे 10⁻³⁴ च्या. विद्यार्थ्यांना वाटतं कुणीतरी चुकीचं मोजलंय. तसं नाही. Al(OH)₃ हे सूत्र एका पदार्थाचं नाव नाहीच. नुकताच पडलेला, जेलीसारखा, पाण्याने फुगलेला साका वेगळा. त्याचा केएसपी 10⁻³¹·² च्या आसपास. आणि जमिनीत लाखो वर्षं बसलेला, नीट स्फटिक झालेला गिब्साइट वेगळा. त्याचा 10⁻³⁴ च्या जवळ. मघाचा २.६ हा आकडा ताज्या जेलीसाठी शंभरच्या वर जातो, आणि गिब्साइटसाठी ०.१ च्या आसपास येतो. हजारपट फरक! यू तसाच्या तसा राहतो, फक्त सगळाच्या सगळा वर किंवा खाली सरकतो. तळाचा पीएच मात्र हलत नाही, कारण तो विरघळलेल्या रूपांच्या आपसातल्या प्रमाणावर ठरतो, घन कुठला यावर नाही.

हे मी हाताने पाहिलंय. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब कॉस्टिक घालून साका पाडला होता. अर्ध्या साक्यावर आणखी कॉस्टिक घातलं, तो हां हां म्हणता निवळला. उरलेला अर्धा बीकरमध्येच राहिला, वर पॅराफिल्म लावून. सुट्टीनंतर आले तेव्हा तो खाली बसून घट्ट, पांढरट पिठासारखा झाला होता. तेच कॉस्टिक, तेवढंच घातलं. निवळलाच नाही, पाणी गढूळ ते गढूळच. आधी मला वाटलं कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून जीव सोडलाय. नव्याने बनवून पाहिलं, तरी तेच. साका म्हातारा झाला होता: अल्कलीत पडून पडून त्याचे स्फटिक झाले होते. त्यांची विद्राव्यताही कमी आणि विरघळण्याचा वेगही. म्हणून परीक्षानळीतला तो प्रयोग ताज्या साक्यावरच करायचा असतो, आणि प्रॅक्टिकलच्या पुस्तकात हे वाक्य कुणी लिहीत नाही.

अजून एक मर्यादा सांगते. मधल्या पट्ट्यात, पीएच ४ ते ६ च्या दरम्यान, कॉस्टिक हळूहळू घातलं तर एका अ‍ॅल्युमिनियममागे जवळजवळ अडीच OH⁻ पडेपर्यंत द्रावण स्वच्छ राहू शकतं. केएसपीच्या हिशोबाने साका कधीच पडायला हवा होता. तिथे तेरा अ‍ॅल्युमिनियमचे मोठे आयन तयार होतात आणि बराच काळ टिकतात. वरचा यू हा समतोलाचा आलेख आहे. तिथे पोचायला किती दिवस लागतील याबद्दल तो गप्प असतो.

"बरं, पण शंभरपट चुकलं तरी आकडा नगण्यच ना?" माझ्या एका लॅबमेटचा हा प्रश्न. पीएच ७ ला हो, नगण्य. पण हेच गणित घेऊन जलशुद्धीकरण केंद्रात जा. तिथे तुरटी घालतात ती नेमकी Al(OH)₃ चा साका पाडण्यासाठी. गाळ त्यात अडकून खाली बसतो. उन्हाळ्यात धरणात शेवाळ वाढलं की ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि पीएच ८.५ वर सहज जातो. दख्खनच्या पाण्यात अल्कलिनिटीही भरपूर, त्यामुळे तुरटीच्या आम्लाने तो फारसा उतरतही नाही.

27s⁴ शिकलेला माणूस म्हणेल, पीएच वाढला तर उत्तमच. OH⁻ जास्त, Al³⁺ कमी, साका आणखी पूर्ण पडेल. Al³⁺ खरंच कमी होतं. पण आपला २.६ वापरा. पीएच ८.५ ला OH⁻ 3.2 × 10⁻⁶, म्हणून [Al(OH)₄]⁻ 8.2 × 10⁻⁶ मोल, म्हणजे लिटरमागे ०.२२ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा आहे ०.०३ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त ०.२. मर्यादा ओलांडली. आणि साका ताजा असतो, म्हणजे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा वरच जायची शक्यता. हेच पाणी पीएच ७.५ ला असतं तर विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम ०.०२ च्या आसपास राहिलं असतं.

हे अ‍ॅल्युमिनियम वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, कारण ते विरघळलेलं आहे. पाणी दिसतं लख्ख. पुढे पीएच जरा उतरला, समजा ७.५ वर आला, की जास्तीचं अ‍ॅल्युमिनियम टाकीत किंवा पाइपात साका होऊन बाहेर पडतं. लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त Al(OH)₃. दिवसाला एक कोटी लिटर पाणी देणाऱ्या केंद्रासाठी हा हिशोब पावणेसहा किलो साक्याचा होतो, रोजचा, आणि तोही फिल्टरच्या पुढे.

दोष कुठे आहे ते ओळखायचं कसं? पाण्याचे दोन नमुने घ्यायचे, एक तसाच आणि एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला, आणि दोन्हींत अ‍ॅल्युमिनियम मोजायचं. न गाळलेल्यातच जास्त असेल तर साक्याचे कण निसटताहेत. फिल्टर किंवा घोळणी तपासा. गाळलेल्यातही तेवढंच जास्त असेल तर फिल्टर कितीही धुवा, फरक पडणार नाही. पीएच उतरवायला हवा. तुरटीची मात्रा थोडी कमी करूनही भागत नाही, कारण तळाशी साका आहे तोवर वर किती विरघळलेलं राहणार हे पीएच ठरवतो, साक्याचा ढीग नव्हे. (गाळतानाही सावध राहा, साक्याचे अतिसूक्ष्म कण ०.४५ मधूनही पार होतात आणि विरघळल्याचा आव आणतात.)

मग केएसपी शिकवायचाच नाही का? शिकवायचा की. s काढायचं गणितच हवं असेल तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घ्या. त्याची विद्राव्यता 10⁻⁴ मोलच्या घरात येते, पाण्याचे OH⁻ त्यापुढे खरोखरच नगण्य असतात, आणि तो उभयधर्मीही नाही. गणित तेवढंच सोपं राहतं आणि उत्तर बरोबर येतं. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर विचारायचंच असेल तर पीएच द्या, २.६ द्या, आणि विचारा पीएच ८.५ ला किती विरघळेल. एका ओळीचं गणित आहे.

या सत्राच्या सराव प्रश्नसंचात मी तोच प्रश्न टाकला. मागचा मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला बोलावून आधी त्याच्याकडूनच सोडवून घेतला. त्याने ०.२२ काढलं, वही मिटली, परत उघडली आणि विचारलं, "मॅडम, मग फेरिक हायड्रॉक्साइडचं गणितही असंच चुकतं का?" Fe(OH)₃ च्या रूपांचे स्थिरांक मी काढून ठेवलेत. पुढच्या रविवारी दोघं बसून पाहणार आहोत.